मेलाटोनिन झोपताना घेताय? या चुका टाळा

इंदुरात रामबागेजवळ माझं औषधांचं दुकान आहे. मेलाटोनिन मागायला येणारे बहुतेक जण 'सवय न लागणारी झोपेची गोळी द्या' असंच म्हणतात. माझा सख्खा भाचाही त्यातलाच. रात्री तीनपर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी अकराशिवाय जाग येत नाही, अशी त्याची दोन वर्षांची तक्रार. मित्राच्या सांगण्यावरून तो अंथरुणावर पडताना, म्हणजे दोनच्या सुमाराला, पाच मिलिग्रॅमची गोळी घेत होता. मग एक दिवस म्हणाला, "मामा, पाचची काही करत नाही, दहाची दे ना."

मी दहाची दिली नाही. त्याच्या मात्रेत काही कमी नव्हतं, चूक होती ती वेळेत.

झोल्पिडेमसारखी झोपेची गोळी थेट मेंदूचं काम मंदावते. ती घेतली की अर्ध्या-पाऊण तासात झोप येते, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. मेलाटोनिन हे आपल्याच मेंदूतल्या पिनियल ग्रंथीचं संप्रेरक आहे. अंधार पडल्यावर ते रक्तात वाढू लागतं आणि शरीरातल्या घड्याळाला 'रात्र सुरू झाली' एवढंच कळवतं. त्याने थोडी पेंग येते, पण त्याचं खरं काम हे घड्याळ पुढेमागे सरकवण्याचं. म्हणूनच ते किती घेतलं यापेक्षा कधी घेतलं याला जास्त महत्त्व आहे.

साधारणपणे नेहमीच्या झोपेच्या दोनेक तास आधी शरीर स्वतःच मेलाटोनिन सोडायला लागतं. भाचा तीनला झोपतो, म्हणजे त्याचं एकच्या आसपास सुरू होत असणार. दोन वाजता गोळी घेतली तेव्हा शरीरात मेलाटोनिन आधीच होतं, घड्याळाला नवीन काही कळलंच नाही. हीच गोळी शरीराच्या मेलाटोनिनच्या काही तास आधी घेतली, तर घड्याळाला वाटतं की आज रात्र लवकर पडली, आणि ते झोप अलीकडे आणतं. पहाटे किंवा सकाळी घेतली तर उलटं होतं, झोप आणखी उशिरावर ढकलली जाते. रात्री चारला जाग आली म्हणून दुसरी गोळी टाकणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

आम्ही त्याच्या झोपेच्या डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवली. अर्धा मिलिग्रॅम, रात्री साडेआठला. झोपेच्या साडेसहा तास आधी गोळी, हे ऐकून त्याला पटेना. पण मोठी मात्रा इतक्या लवकर घेतली तर संध्याकाळीच गुंगी येते, आणि घड्याळ सरकवायला छोटी मात्राही पुरते. गोळी घेतल्यावर गाडी चालवायची नाही, ही अट मीच घातली. झोप अर्ध्या तासाने अलीकडे आली की गोळीही अर्ध्या तासाने अलीकडे.

पहिला आठवडा वाया गेला. चौकशी केली तेव्हा कळलं, पोरगा साडेआठला गोळी घेऊन रोज रात्री अकराला मित्रांबरोबर सराफ्याच्या खाऊगल्लीत जात होता आणि घरी येऊन लॅपटॉपसमोर बसत होता. झगझगीत उजेडाने शरीराचं मेलाटोनिन दबतं आणि घड्याळ पुन्हा उशिराकडे सरकतं. गोळी एकीकडे ओढणार आणि उजेड दुसरीकडे. सराफा शनिवारपुरता ठेवला, घरातले दिवे मंद केले.

दुसरी चूक त्याने उत्साहात केली. सहाचा गजर लावून उन्हात पळायला गेला. अकराला उठणाऱ्या माणसाच्या शरीरासाठी सकाळचे सहा म्हणजे अजून मध्यरात्रच. नैसर्गिक जाग येण्याच्या दोन-तीन तासांपेक्षा आधी मिळालेला लख्ख उजेड झोप अलीकडे आणण्याऐवजी मागे ढकलतो. म्हणून सुरुवातीला साडेदहाला उठून गच्चीवर अर्धा तास, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं आधी, असं ठरलं. महिन्याभरात तो साडेबाराला झोपू लागला आणि पोह्यांच्या वेळेला घरच्यांबरोबर बसू लागला.

पण हा हिशोब सगळ्यांना लागू करू नका. आठलाच पेंगणाऱ्या आणि पहाटे तीनला टक्क जागे होणाऱ्या आजोबांना संध्याकाळची गोळी दिली, तर त्यांचं घड्याळ आणखी अलीकडे येईल. काळजीने किंवा दुखण्याने झोप उडाली असेल, तर घड्याळ सरकवून काय होणार?

पाकिटावर 'एसआर' किंवा 'पीआर' लिहिलेली गोळी अर्धी करू नका. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, मोडली की तो हिशोबच बिघडतो. आणि छापील आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको. कॅनडात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत काही उत्पादनांमध्ये लेबलपेक्षा 83 टक्के कमी, तर काहींमध्ये 478 टक्के जास्त मेलाटोनिन निघालं होतं.

फ्लुवोक्सामीन हे नैराश्यावरचं औषध चालू असेल तर मेलाटोनिन घेऊ नका, त्या औषधाने रक्तातलं मेलाटोनिनचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, फिट्सचा त्रास, गर्भारपण, लहान मूल, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्याकडे जाताना दोन आठवड्यांची झोपण्या-उठण्याची वेळ वहीत लिहून न्या, सुट्टीच्या दिवसांचीही. गोळीची वेळ त्या वहीवरूनच ठरते.