पोहायला जाताना इअरबड: आदल्या रात्रीची तयारी

गाण्यांच्या फाइली हेडफोनच्या आत भरल्या का? बाकी सगळं नंतर, आधी हे बघा. मागच्या महिन्यात मी टोपी, गॉगल, टॉवेल, चार्जिंग सगळं नीट केलं आणि नेमकं हेच राहिलं. पूलमध्ये काठाला धरून उभी होते तोवर गाणं छान वाजत होतं. डोकं पाण्यात गेलं की बंद, श्वासाला वर आलं की अर्धी ओळ, पुन्हा बंद. 25 मीटरच्या 60 फेऱ्या मारायच्या होत्या, सहाव्या फेरीला हेडफोन काढून ठेवला.

कारण साधं आहे. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि पाणी त्या लहरी शोषून घेतं. मध्ये काही सेंटीमीटर पाणी आलं तरी जोडणी तुटते. फोन काठावर ठेवा नाहीतर वॉटरप्रूफ पिशवीत घालून कमरेला बांधा, डोकं पाण्याखाली गेल्यावर उपयोग नाही. त्यामुळे पोहण्यासाठी घेताना एकच प्रश्न आधी विचारायचा: आत मेमरी आहे का? नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पाण्यात बिघडणार नाही एवढाच. पाण्यात वाजेल असा नाही.

पाण्यात किती टिकतं ते आयपीएक्स या मानांकनावरून कळतं. आयपीएक्स 7 म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं, तेही साध्या, स्थिर पाण्यात घेतलेली चाचणी. हात मारताना आणि भिंतीला लाथ मारून वळताना पाण्याचा जोर वेगळा असतो, शिवाय क्लोरीन. रोज पोहणार असाल तर आयपीएक्स 8 किंवा आयपी 68 घ्या, आणि कंपनीने किती खोली, किती वेळ आणि खारं पाणी चालतं की नाही लिहिलंय ते वाचा.

आता बसण्याबद्दल. धावण्याला कानात घालायचे बड चालतात, पण रबरी टोक दोन्ही कानांना एकाच मापाचं बसेल असं धरून चालू नका; माझ्या डाव्या कानाला लहान लागतं. घालून तोंड मोठं उघडा, काहीतरी चावा, हात न लावता 20 उड्या मारा. एक जरी सरकला तरी माप बदला. घामाने ते अजूनच निसटतात, म्हणून लांब धावायचं असेल तर कानामागून जाणारा हुक असलेले घ्या. चष्मा असेल तर तो लावूनच हुक बघा, काडी आणि हुक एकाच जागेवर येतात आणि तासाभराने तिथे दुखतं. रस्त्यावर धावणार असाल तर कान उघडा ठेवणारेच हवेत. मागून येणारी दुचाकी ऐकू आलीच पाहिजे.

पोहण्यासाठी मात्र सुटे बड नकोत. भिंतीपाशी वळताना निघाला तर तळाशी शोधत बसाल. मानेमागून पट्टी जाणारा बोन कंडक्शन हेडफोन बरा. तो गालाच्या हाडावर टेकतो आणि आवाज हाडातून आत पोचवतो, हुक कानावर बसतो. टोपीची कड त्याच्या आणि कातडीच्या मध्ये येऊ देऊ नका, आवाज दबतो. कानात इअरप्लग घाला, पाण्यात आवाज भरीव येतो.

पुन्हा फाइली. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी म्हणजे फाइली नव्हेत! मी इथेच फसले. मासिक वर्गणीच्या ॲपमधली गाणी कुलूपबंद असतात, त्या ॲपबाहेर वाजत नाहीत, कॉपी करता येत नाहीत. विकत घेतलेली किंवा स्वतःच्या सीडीवरून काढलेली एमपी 3 लागते. 4 जीबीत 128 केबीपीएसची, 5 मिनिटांची साधारण 800 गाणी मावतात, म्हणजे जागेचं कारण सांगू नका. हेडफोनसोबत आलेल्या केबलने लॅपटॉपला जोडा, फाइली टाका, ‘इजेक्ट’ करून मगच काढा. पडद्यावर शोधायची सोय नसते, तेव्हा फाइलींच्या नावाआधी 01, 02 लावून त्याच क्रमाने भरा. मग हेडफोन ब्लूटूथ मोड सोडून एमपी 3 मोडवर न्या, फोन बंद करा आणि घरीच एक गाणं वाजवून बघा. फोन बंद असताना वाजलं तरच फाइली आत आहेत. फोन चालू ठेवून तपासू नका, मी तेच केलं होतं.

चार्जिंग रात्रीच. केबल बॅगेत.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. धावण्याचे बडही घामट असताना डबीत ठेवू नका, डबी बहुधा वॉटरप्रूफ नसते आणि आतल्या पिना गंजतात.

फाइली भरल्या ना?