सीएमएल: बीसीआर-एबीएलचा आकडा वाढला की या चुका टाळा

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाची गोळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी रक्तातला बीसीआर-एबीएल, म्हणजे या आजाराच्या मुळाशी असलेला बिघडलेला जीन, किती आहे ते मोजतात. अपेक्षा साधारण अशी असते: तिसऱ्या महिन्यात १० टक्के किंवा त्याखाली, सहाव्यात १ टक्का किंवा त्याखाली, बाराव्यात ०.१ टक्का किंवा त्याखाली. या ०.१ टक्क्याला डॉक्टर एमएमआर म्हणतात. चुका बहुतेक हा टप्पा गाठल्यानंतर, आकडा पुन्हा वर सरकताना होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, इमॅटिनिब ही सीएमएलची गोळी घेणाऱ्या पेशंटचा आकडा वर्षअखेर ०.०९ होता, अठराव्या महिन्यात ०.०३ झाला आणि एकविसाव्या महिन्यात ०.०७ आला. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की आकडा दुपटीहून जास्त वाढला.

दुप्पट म्हणजे आजार उलटला, असं समजणं

ही तपासणी इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजते, की त्याच लॅबमध्ये तोच नमुना पुन्हा लावला तरी दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो. इथे महत्त्व किती पटींनी बदल झाला याला असतं. दहापट घट म्हणजे एक पायरी. ०.०३ वरून ०.०७ हा मोजणीतला चढउतार असू शकतो, शिवाय एमएमआर अजून शाबूत आहे. म्हणून औषध बदलायचं नाही, पुढची तपासणी मात्र वेळेवर करायची.

लॅब बदलली असेल तर तुलना आणखी अवघड होते. रिपोर्टवर इंटरनॅशनल स्केल, म्हणजे सगळ्या लॅबचे आकडे एकाच मापात आणणारी मोजपट्टी, लिहिलेलं नसेल, तर त्यातली टक्केवारी वरच्या टप्प्यांशी ताडून पाहू नये. स्केल असलं तरी शक्यतो लॅब एकच ठेवावी. नमुना पोचायला उशीर झाला की आरएनए खराब होतो. अशा वेळी तुलनेसाठी मोजल्या जाणाऱ्या कंट्रोल जीनच्या प्रती कमी भरतात आणि ‘सापडला नाही’ या निकालावरही विसंबता येत नाही. तसंच निदानाच्या वेळी बीसीआर-एबीएलच्या ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे त्याच्या आरएनए प्रतीचा, प्रकार कोणता होता, ते फाइलमध्ये नोंदलेलं हवं. नेहमीची तपासणी पी२१० प्रकार शोधते. पेशंटचा प्रकार वेगळा असेल, तर आजार असूनही ती शून्य दाखवेल.

गोळ्यांची चौकशी वरवर करणं

आता चोविसाव्या महिन्यात आकडा ०.६ आला. ही साडेआठ पट वाढ आहे आणि एमएमआरही गेला. याला मोजणीतला फरक म्हणून सोडून देता येत नाही.

पहिली चौकशी गोळ्यांची. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्यापेक्षा महिनाअखेर किती गोळ्या उरल्या, ते विचारावं. मळमळ किंवा पायात गोळे येतात म्हणून अधूनमधून गोळी चुकवणं खूप सर्रास घडतं, आणि ते रागावून कळत नाही.

दुसरी चौकशी, मध्यंतरी कोणतं नवं औषध सुरू झालं याची. आपल्याकडे टीबीचा विचार आधी करावा. रिफॅम्पिसिनमुळे यकृत इमॅटिनिब इतक्या वेगाने मोडतं, की रक्तातली त्याची एकूण मात्रा जवळपास पाव हिश्श्यावर येते. फिटच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनमुळेही ती घटते. इमॅटिनिबऐवजी सीएमएलचं डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिब चालू असेल, तर अॅसिडिटीच्या गोळ्याही विचाराव्यात. आपल्या उदाहरणातल्या पेशंटला टीबीचे उपचार सुरू झाले होते, असं धरू. अशा वेळी यातलं कुठलंच औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून मार्ग ठरवायचा.

म्युटेशनची तपासणी चुकीच्या वेळी करणं

असं कारण सापडलं नाही, तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावं आणि म्युटेशनची, म्हणजे औषध निष्प्रभ करणाऱ्या बीसीआर-एबीएलमधल्या बदलाची, तपासणी करावी. ती आकडा ०.१ च्या खाली असताना केली तर बहुधा वाया जाते, कारण वाचण्याइतकं बीसीआर-एबीएल नमुन्यात नसतं. दुसरीकडे औषध बदलल्यानंतर केली, तर जुन्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशी मागे पडलेल्या असू शकतात आणि कारण हुकतं. म्हणून नमुना औषध बदलण्याआधी घ्यावा. सँगर या जीन वाचण्याच्या पद्धतीला म्युटेशन साधारण पाचव्या हिश्श्याहून कमी असेल तर दिसत नाही, त्यामुळे ‘नाही’ आलं तरी शंका पूर्ण मिटत नाही.

निकालावर औषधाची निवड ठरते. टी३१५आय हे म्युटेशन सापडलं तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब यांपैकी काहीच चालत नाही; पोनॅटिनिब किंवा अॅसिमिनिबचा विचार करावा लागतो. या म्युटेशनमध्ये डोस वाढवून पाहण्यात फक्त वेळ जातो.

०.१ ते १ टक्का हा सावधगिरीचा पट्टा आहे. एमएमआर गेल्यावर पुन्हा तपासूनही आकडा १ टक्क्याच्या वर राहिला, तर चालू औषध कमी पडलं असं धरतात.

पण आकड्यासोबत पांढऱ्या पेशीही वाढत असतील, प्लीहा हाताला लागत असेल किंवा रक्तात ब्लास्ट म्हणजे अपरिपक्व पेशी दिसत असतील, तर हे चार-सहा आठवडे थांबणं लागू नाही. त्याच आठवड्यात रक्ततज्ज्ञांना गाठून बोनमॅरोची तपासणी करून घ्यावी.