उशिरा उत्तर दिल्याबद्दल मित्राला हिंदीत मेसेज: या चुका टाळा

इंग्रजीत असा मेसेज लिहिणं सोपं जातं. समजा, मूळ मजकूर साधारण असा आहे: फारच उशिरा उत्तर देतेय, सॉरी; तुझा मेसेज पाहिला होता, नीट लिहायचं ठरवलं होतं, आणि मग तीन आठवडे गेले; सांगण्यासारखं कारण काहीच नाही, मी या बाबतीत भयंकर आहे; तुझ्यामुळे नव्हतं; इंटरव्ह्यू कसा झाला? आणि तू लगेच उत्तर द्यायची गरज नाही, तशी अपेक्षा करायचा हक्क मी गमावलाय. लिहिणारी मुलगी पुण्याची, मित्र लखनौचा, दोघांचं एरवीचं बोलणं हिंदीतलं. शब्दाला शब्द ठेवून हाच मजकूर हिंदीत नेला, की एक तर सरकारी पत्र तयार होतं, नाहीतर रडगाणं.

माफीचं वजन वाढवू नका

पहिली चूक पहिल्याच ओळीत होते. ‘सो सॉरी’ दिसलं की हात ‘मुझे खेद है’ किंवा ‘मैं क्षमा चाहती हूँ’कडे जातो. पण ‘खेद है’ हे रेल्वेच्या उद्घोषणेतलं हिंदी आहे; गाडी लेट झाली की स्टेशनवर ऐकू येतं तेच. मित्राला ते लिहिलं तर तो एक तर हसेल, नाहीतर काहीतरी गंभीर घडलंय असं समजेल. ‘मुझे माफ़ कर दो’ हे दुसरं टोक. ते भांडण झाल्यावर, दुखावल्यावर म्हणतात. उशिरा उत्तर दिल्याला ते पेलत नाही, आणि समोरच्याला ‘अरे नहीं नहीं, कोई बात नहीं’ म्हणत उलट तुमचीच समजूत काढावी लागते.

हिंदी बोलणारे मित्र अशा वेळी सरळ ‘यार, सॉरी’ म्हणतात. त्यात परकं काही नाही. उशीर ‘फारच’ झालाय हे ‘बहुत-बहुत’ जोडून सांगू नका. त्यासाठी ‘हद ही कर दी मैंने’ हे तयार वाक्य आहे. त्यात कबुलीही येते आणि स्वतःला मारलेला टोमणाही. सॉरी मात्र एकदाच. शेवटी पुन्हा ‘एक बार फिर सॉरी’ लिहिलंत तर हलकेपणा गेलाच.

मुळात नसलेलं कारण घालू नका

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ती भाषेची नसून अर्थाची आहे. हिंदीत उशिराच्या माफीपाठोपाठ ‘थोड़ा बिज़ी थी’, ‘काम में फँस गई थी’ हे आपोआप येतं, आणि वाक्य ओघवतं वाटतं म्हणून भाषांतरात राहून जातं. पण मूळ मजकुराचा सगळा प्रामाणिकपणा कारण न देण्यात आहे. ‘बिज़ी थी’ घातलं की पुढचं ‘कारण काहीच नाही’ खोटं ठरतं. ‘मैं भूल गई’ हेसुद्धा तसंच. मुळात ती विसरलेली नाही. तिने मेसेज पाहिला, लिहायचं ठरवलं आणि राहिलं. म्हणून हिंदीत ‘पढ़ लिया था’ आणि ‘सोचा था’ या दोन्ही गोष्टी आल्याच पाहिजेत. ‘उत्तर देने का इरादा था’ नको. ते वकिलाच्या तोंडी शोभेल.

‘नो गुड एक्स्क्यूज’चं ‘कोई अच्छा बहाना नहीं है’ करतात. इथे अर्थ घसरतो. ‘बहाना’ म्हणजे बनवलेलं कारण, त्यामुळे ‘चांगलं थाप मारण्यासारखं काही सुचत नाहीये’ असा सूर लागतो. ‘कोई सफ़ाई नहीं दूँगी’ म्हटलं तर ताठा येतो. ‘कोई बहाना नहीं बनाऊँगी’ हे नेमकं बसतं.

‘तुझ्यामुळे नव्हतं’ याचं ‘यह तुम नहीं थे’ हे तर हिंदीच नाही. या वाक्याचं काम काय ते पाहा: तीन आठवडे गप्प राहिल्यावर समोरच्याला वाटतं की आपलंच काही चुकलं. तीच शंका काढायची. ‘ये मत सोचना कि तुम्हारी कोई बात बुरी लगी थी’ एवढं पुरतं.

मराठीतून डोकावणाऱ्या चुका

मूळ इंग्रजी असलं तरी मराठी माणूस हिंदी लिहिताना मनात मराठी वाक्य जुळवतोच. ‘मी तुझा मेसेज वाचला’ यात ‘मी’ला काही लागत नाही, म्हणून ‘मैं तुम्हारा मैसेज पढ़ा’ लिहिलं जातं. हिंदीत ‘मैंने’ हवंच. मग धास्ती घेऊन सगळीकडे ‘मैंने’ लावलं की ‘मैंने भूल गई’ होतं; ‘भूलना’ला ‘ने’ चालत नाही.

उशीर मराठीत पुल्लिंगी, ‘देर’ स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘बहुत देर हो गया’ हे मुंबई-पुण्याचं हिंदी लगेच ओळखू येतं. ‘देर हो गई’ हवं. ‘हद’ही स्त्रीलिंगी, म्हणून लिहिणारा पुरुष असला तरी ‘हद कर दी’च. लिहिताना ‘सोचा था की’ नको, ‘कि’ ऱ्हस्व.

आठवड्याला ‘सप्ताह’ लिहिणारे बहुधा ‘हप्ता’ शब्दाला बिचकतात. मराठीत हप्ता कर्जाचा किंवा गुंडाचा. हिंदीत ‘हफ़्ता’ म्हणजे मुख्यतः आठवडा. ‘तीन सप्ताह’ बातम्यांत ठीक, दोस्तीत ‘तीन हफ़्ते’.

आणि मराठी ‘तू’चं हिंदी ‘तू’ करण्याआधी जुने मेसेज उघडून पाहा. मराठीत मित्राला ‘तू’च म्हणतात, हिंदीत पुष्कळ मित्रांमध्ये ‘तुम’ असतं, लखनौकडे कधी ‘आप’सुद्धा. जे एरवी चालतं तेच ठेवा. माफीपुरतं ‘आप’वर गेलात तर दुरावा जाणवतो. अर्ध्या मेसेजात ‘तुम्हारा’ आणि पुढे ‘तू बता’ ही सरमिसळही खटकते.

जुळवून पाहिलं तर

शेवटच्या ओळीतल्या ‘हक्क गमावलाय’साठी ‘अधिकार खो दिया है’ फार जड. आपल्या ‘कोणत्या तोंडाने सांगू’सारखंच हिंदीत ‘किस मुँह से’ आहे, ते वापरा. सगळं मिळून असं होतं:

‘यार, सॉरी! जवाब देने में तो मैंने हद ही कर दी। तुम्हारा मैसेज उसी दिन पढ़ लिया था। सोचा था कि आराम से बैठकर लिखूँगी, और देखते-देखते तीन हफ़्ते निकल गए। कोई बहाना नहीं बनाऊँगी, इन मामलों में मैं हूँ ही निकम्मी। ये मत सोचना कि तुम्हारी कोई बात बुरी लगी थी। अब बताओ, इंटरव्यू कैसा रहा? और जवाब आराम से देना, मैं किस मुँह से जल्दी मचाऊँ!’

यातला ‘उसी दिन’ मुळात नाही. मेसेज खरंच त्याच दिवशी वाचला असेल तरच ठेवा, नाहीतर नुसतं ‘पढ़ लिया था’. इंटरव्ह्यूचा प्रश्न वेगळा मेसेज म्हणून पाठवला तरी चालेल. लांब मजकुरात तो बुडतो आणि मित्र फक्त माफीला उत्तर देतो. तो एरवी हिंदी रोमन लिपीत लिहीत असेल तर तुम्हीही तसंच लिहा, एकदम देवनागरी दिसली की मजकूर औपचारिक वाटायला लागतो.

इंग्रजीतून लिहिणारा पुरुष की स्त्री ते कळत नाही, हिंदीत ते ठरवावंच लागतं. वरच्या मजकुरात पुरुषासाठी तीनच शब्द बदलतात: ‘लिखूँगा’, ‘बनाऊँगा’, ‘निकम्मा’. ‘पढ़ लिया’ मैसेजप्रमाणे चालतं, ते दोघांनाही तसंच राहतं.