पहिलीतलं मूल शाळा सोडतंय? निरोपाची चिठ्ठी अशी लिहा

अर्धा कागद, ठळक पेन, सुटी टपोरी अक्षरं, वर मुलाचं नाव. मजकूर पाच-सहा वाक्यांपेक्षा मोठा नको.

आता शब्द. पहिलीच्या मुलाला ‘उज्ज्वल भविष्यासाठी हार्दिक शुभेच्छा’ लिहिणारे अजून भेटतात. एकूण एक शब्दात जोडाक्षर! नुकती काना-मात्रा जमू लागलेलं पोर तिथेच अडतं आणि कागद आईकडे देतं. चिठ्ठी मग आईची होते. म्हणून जोडाक्षरं टाळा. ‘प्रिय’सुद्धा नको, नुसतं नाव पुरे.

मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा तो जाण्याबद्दलच्या वाक्याला. ‘आम्हाला विसरू नकोस’ लिहू नका. मूल विसरणारच, आणि त्याचं ओझं त्याच्यावर कशाला? ‘आपण परत भेटू’ हेही नको. सहा वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं आणि सोमवारी बाई येणार म्हणून वाट बघत बसतं. ‘तुझ्याशिवाय वर्ग सुना होईल’ वाचून त्याला वाटतं, आपण जातोय म्हणून बाई रडणार. या वयाची मुलं घडलेल्या गोष्टीचा दोष पटकन स्वतःकडे घेतात. कारण लिहायचं असेल तर घरी काय सांगितलंय ते आधी विचारा. बदली असेल तर लिहा. घरात भांडण, फारकत असं काही असेल तर कारणाला हातच लावू नका.

त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: तू इथे काय करायचास, ते काम आता कोण करेल, आणि नव्या जागी ओळखीचं काय असेल. पहिलीतली सई वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला चालली आहे असं धरू. तिची चिठ्ठी:

‘सई,
परसबागेत तू मिरचीला रोज पाणी घातलंस. किडा दिसला की मला हाक मारायचीस. आता पाणी मी घालेन. तू नागपूरला राहशील. तिथली शाळा नवी. तिथेही घंटा होईल, तिथेही डबा खायची सुटी होईल.
बाई’

एकही जोडाक्षर नाही. ‘हुशार’, ‘गुणी’ पण नाही, कारण ते कोणालाही लागू पडतं. मिरची फक्त सईची. आपली मिरची वाळेल ही तिची खरी काळजी असते, ती ‘मी घालेन’ या दोन शब्दांत मिटते. मात्र लिहिलंत तर पाणी घालाच, गावातली मुलं नंतर विचारतात.

बालवाडीसाठी एक वाक्य आणि चित्र. चौथी सोडणाऱ्यांना जोडाक्षरं बिनधास्त वापरा, फक्त उपदेश नको.

लिहून झालं की त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडून, नाव झाकून, मोठ्याने वाचून घ्या. अडखळलं तो शब्द बदला. चिठ्ठी शेवटच्या दिवशी घंटेच्या गडबडीत देऊ नका. आदल्या दिवशी द्या, म्हणजे काही विचारायचं असेल तर पोर सकाळी येऊन विचारतं.