हप्ता चुकलाय? आधी तो मागं राहिलेला एक हप्ता सोडवा

उद्यमनगरात आपलं लेथचं वर्कशॉप आहे, मशीनच्या लोनचा हप्ता 11,200, दर 5 तारखेला कटतो. पार्टीनं पेमेंट लटकवलं की बाऊन्स, असं चारपाचदा झालंय.

बाऊन्स झाला की त्याच दिवशी फोन करून विचारा, ऑटो डेबिट परत कधी लावणार. नाहीतर तुम्ही हातानं भरता आणि तिकडून पण कटतात. बँकेचा आणि कंपनीचा बाऊन्स चार्ज वेगवेगळा, वर बऱ्याचदा जीएसटी पण लावतात, त्यावर वाद घालत बसू नका.

आता खरी गोम. चहाच्या गाड्यावर सगळे सांगतात, "एक चुकला तर चुकू दे रे, पुढचे वेळेवर भर." मी तेच केलं आणि फसलो. जूनचा चुकला, जुलैचा बरोबर 5 तारखेला कटला, मी निवांत. पण ते पैसे आधी जूनच्या हप्त्याला लागतात आणि जुलैचा थकीत होतो, मग ऑगस्टचे पैसे जुलैला, असं चालूच राहतं. चुकला एकच, पण महिनाअखेरीला सिबिलच्या रिपोर्टवर दर महिन्याला 25-26 दिवस उशीर दिसतो, आणि हा इतिहास 36 महिन्यांचा असतो भावा!

आणि सप्टेंबरचा पण बाऊन्स झाला की ऑगस्टचा आधीच थकलेला, म्हणजे 30 सप्टेंबरला थेट 56 दिवस. तिथनं ऑक्टोबर हुकला तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 90 दिवस ओलांडतात आणि खातं एनपीए, म्हणजे थकलेलं कर्ज म्हणून नोंद. मग एकदोन हप्ते भरून खातं परत नीट होत नाही, सगळी थकबाकी शून्य करावी लागते.

म्हणून एक जादा हप्ता पूर्ण भरायचा, चार्जसकट. मी नुसते 11,200 भरले होते, त्यातले 590 त्यांनी आधी चार्जला वळते केले आणि हप्ता 590 नं अपुरा राहिला, अपुरा म्हणजे थकीतच. त्यामुळं भरायच्या आधी लोनचं स्टेटमेंट मागवा, आजची एकूण थकबाकी रुपयापर्यंत बघा, तेवढीच भरा, आणि दोनतीन दिवसांनी परत स्टेटमेंट काढून थकबाकी 0 दिसते का बघा. नुसत्या पावतीवर विसंबू नका. दंड व्याजात मिसळून त्यावर परत व्याज लावलेलं दिसलं तर लेखी तक्रार करा, 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं ते बंद केलंय.

पैसेच नसतील तर दुसरा हप्ता चुकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या, तारीख बदलून किंवा मुदत वाढवून मागा. वसुलीवाला "सेटलमेंट करून टाका", म्हणजे थोडे कमी भरून खातं मिटवा, म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, रिपोर्टवर 'सेटल्ड' लागतं आणि पुढचं लोन अवघड होतं.

महिन्याभरानं रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. भरूनही थकीत दाखवत असेल तर तक्रार टाका, 30 दिवसांत मिटली नाही तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला पाहिजे.