बुटांचे काळे ओरखडे काढताना या चुका टाळा

चपलांच्या रॅकशेजारची भिंत जमिनीपासून वीतभर उंचीवर हमखास काळी होते. मुलं उभ्या उभ्या बूट घालतात, तोल सावरायला पाय भिंतीला टेकवतात आणि बोटभर लांबीची काळी रेघ उमटते. आमच्या घरात अशी पहिली रेघ दिसली तेव्हा मी भांड्यांची हिरवी घासणी आणि साबणाचं पाणी घेऊन बसले. रेघ गेली, पण तिच्या जागी तळहाताएवढा चकचकीत डाग राहिला. समोरून भिंत ठीक दिसायची, संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की तो डाग लख्ख उठून दिसायचा. तो शेवटपर्यंत गेला नाही.

चूक घासण्यात होती. काळ्या सोलच्या रबरात काजळीची पूड मिसळलेली असते. सोल भिंतीवर घासला की त्या रबराचा पातळ थर रंगाच्या वर चिकटतो. तो चहाच्या डागासारखा आत मुरलेला नसतो. त्यामुळे रंगाला धक्का न लावता फक्त वरचं रबर उचलायचं असतं. खरखरीत घासणीने रबराबरोबर रंगाचा वरचा थरही घासला जातो. मॅट रंगाचा मऊ दिसणारा पोत सपाट होऊन तो चमकायला लागतो, आणि ती चमक पुसून जात नाही.

म्हणून सुरुवात खोडरबराने करा. पांढरंच घ्या, रंगीत खोडरबराचा रंग भिंतीवर उतरू शकतो. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटका, नाहीतर तीच धूळ खोडरबराखाली भिंतीवर घासली जाते. मग हलक्या हाताने, एकाच दिशेने, रेघेपुरतंच खोडा. काळे तुकडे पडायला लागले की काम होतंय असं समजा, आणि ते लगेच झटकून टाका. खोडरबर काळं झालं की कोऱ्या बाजूने धरा, नाहीतर तेच काळं पुन्हा भिंतीला लागतं.

एवढ्याने नाही गेलं तर मेलामाइनचा पांढरा स्पंज, ज्याला दुकानात मॅजिक स्पंज म्हणतात, ओला करून घट्ट पिळून वापरा. हा हाताला मऊ लागतो, पण खरं तर तो फार बारीक पॉलिश पेपर आहे, आणि मऊ म्हणून जोर लावणं ही अगदी नेहमीची चूक. पाच-सहा हलके हात फिरवा, थांबा, भिंत वाळू द्या आणि मोबाइलची टॉर्च भिंतीला समांतर धरून बघा. चमक दिसायला लागली असेल तर तिथेच थांबा. फिकट रेघ उरली तरी ती चमकत्या डागापेक्षा बरी.

त्याआधी रंग कोणता आहे ते तपासा. दाराआडच्या कोपऱ्यात ओल्या पांढऱ्या कापडाने दोन-तीनदा पुसा. कापडाला रंग लागला तर भिंतीवर डिस्टेंपर किंवा चुना आहे. तिथे ओला स्पंज अजिबात नको, फक्त कोरडं खोडरबर, तेही जपून. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर कुठल्याच रंगवलेल्या भिंतीला लावू नका. त्याने रंगच विरघळून पसरतो. आणि रेघ तशीच ठेवून वरून रंगाचा हात मारू नका, काळं बऱ्याचदा पुन्हा वर डोकावतं. आधी रबर काढा, मग प्रायमर, मग रंग.

चकचकीत टाइलवर काम सोपं आहे. तिथेही आधी खोडरबरच. उरलं तर कापसावर नेलपॉलिश रिमूव्हरचे दोन-चार थेंब घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, गॅस-दिव्यापासून लांब राहा, मग साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा. रॉकेलनेही रबर निघतं, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर पाय घसरतो. बाथरूमचं अ‍ॅसिड मात्र आणूच नका. रबरावर त्याचा काही परिणाम होत नाही, टाइलच्या सांध्यातलं सिमेंट मात्र ते खातं. ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

टाइलवरची रेघ खोडरबराने तसूभरही हलली नाही, तर ती बुटाची नसेल. नखाने चाचपून बघा. नख अडकलं तर तो ओरखडा आहे आणि त्यात मळ बसलाय, तो पुसून जाणार नाही. नख अडकत नाही आणि रेघ काळपट-करडी, किंचित चमकती आहे, तर पलंगाच्या किंवा कपाटाच्या लोखंडी पायाने धातू उतरलेला असतो. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेला टाइल क्लीनर लागतो, हातमोजे घालून आणि आधी एका कोपऱ्यात करून बघून. पलंगाच्या पायांना रबरी टोप्या लावणार असाल तर पांढऱ्याच घ्या, काळ्या टोप्या पलंग सरकवताना पुन्हा तशाच रेघा काढतात.