शाळेचा रिव्ह्यू लिहिताय? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या शाळेबद्दल मी रागाच्या भरात रिव्ह्यू टाकला होता. "बसवाले ऐकत नाहीत, ऑफिसात कोणी दाद देत नाही, नुसती फी उकळतात." वर एकच स्टार. चारच दिवसांत खालच्या मजल्यावरच्या काकूंची सून दारात. तिच्या मुलाचं पहिलीचं ॲडमिशन चाललं होतं. "ताई, नेमकं झालं काय होतं? आणि आम्ही फॉर्म भरू की नको?" मला दोन्हींचं धड उत्तर देता आलं नाही. रिव्ह्यूत राग सगळा होता, माहिती काहीच नव्हती. त्यानंतर मी तो काढून पुन्हा लिहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलेल्या आणि नंतर इतरांच्या रिव्ह्यूंत सतत दिसलेल्या चुका या.

निकालावरून शिकवणं जोखणं

"दहावीचा निकाल १०० टक्के, शिकवणं उत्तम." हे वाक्य पहिलीत मूल घालणाऱ्या आईच्या काही कामाचं नाही. निकाल दहावीचा आहे, आणि तोही जेवढी मुलं परीक्षेला बसली तेवढ्यांचाच. नववीत ८० मुलं आणि त्याच तुकड्यांमधून दहावीला ६० बसली असतील, तर मधली २० कुठे गेली हे विचारायला हवं. बदल्या झाल्या असतील, किंवा कच्च्या मुलांना नववीतच दाखला घ्यायला लावला असेल.

शिकवणं वहीत दिसतं, पण जूनच्या वहीत नाही. जूनमध्ये सगळ्या वह्या देखण्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीची वही काढा. शेवटची सही कोणत्या तारखेची आहे? चुकलेल्या स्पेलिंगवरही बरोबरची खूण आहे का? चूक दाखवली असेल, तर मुलाने ती पुन्हा लिहिली आणि ती पुन्हा तपासली गेली का? जमलं तर त्याच वर्गातल्या आणखी एका मुलाची वही शेजारी ठेवा. 'माझा आवडता सण' दोन्ही वह्यांत शब्दश: सारखा निघाला, तर निबंध बाईंनी फळ्यावर लिहून दिलाय आणि मुलांनी उतरवलाय. रिव्ह्यूत "शिकवणं ठीकठाक" लिहिण्यापेक्षा हे लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

चकाचक इमारतीला स्टार देणं

सुविधांवर फार शब्द खर्च करू नका. स्विमिंग पूल ब्रोशरमध्ये दिसतोच. तुमची मुलगी शाळेत लघवीला जाते की घरी येईपर्यंत रोखून धरते, हे ब्रोशरमध्ये नसतं. ते तिला विचारून लिहा.

कागदांचं म्हणाल, तर सीबीएसईच्या शाळांना अग्निसुरक्षा, इमारतीची सुरक्षितता, पाणी-स्वच्छता यांची प्रमाणपत्रं आणि फीचा तक्ता स्वत:च्या वेबसाइटवर टाकावा लागतो. 'Mandatory Public Disclosure' नावाचं ते पान उघडून प्रमाणपत्राची मुदत बघा. कोणत्याही बोर्डाची शाळा असली, तरी तिचा सरकारी नोंदीतला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. त्यावरून विद्यार्थी, शिक्षक, वर्गखोल्यांचे आकडे मिळतात. फक्त हे आकडे शाळेनेच भरलेले असतात, हे विसरू नका. शिक्षक कागदावर २२ आणि वर्गात १५ असं असू शकतं.

कॅमेरे मोजणं

२०२४ च्या ऑगस्टमधल्या बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, तक्रार पेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती याबद्दल आदेश काढले. तेव्हापासून "जागोजागी कॅमेरे, एकदम सेफ" हे वाक्य प्रत्येक रिव्ह्यूत आहे. कॅमेरा चालू आहे का, चित्रण किती दिवस ठेवतात, ते बघतं कोण, हे कुणी विचारलेलं नसतं.

मी सांगेन, शाळा सुटताना गेटवर पंधरा मिनिटं उभ्या राहा. आजोबा न्यायला आले तर ओळखपत्र बघतात, की मूल "आजोबा!" म्हणालं की सोडतात? व्हॅनवाले काका मुलं मोजून बसवतात का? पावसाच्या दिवशी तर मुद्दाम जा. छत्र्यांच्या गर्दीत खरी व्यवस्था दिसते.

एक गोष्ट मात्र रिव्ह्यूची नव्हेच. मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचा संशय असेल, तर आधी पोलीस किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. पोक्सो कायद्यानुसार त्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि "तिसरी ब मधली एक मुलगी" एवढ्यावरूनही शाळेत ओळख पटते.

तक्रारीचा फक्त शेवट सांगणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "तक्रार केली, काही उपयोग नाही." कुणाकडे केली? कधी? तोंडी की लेखी? संवादाबद्दलही तेच. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुट्टीचे मेसेज वेळेवर येतात म्हणून संवाद चांगला असं नसतं. अवघड प्रश्नाला उत्तर येतं का, ते बघायचं.

माझीच गोष्ट घ्या. लेक दुसरीत होती. जूनच्या अखेरीस सलग चार दिवस बसमध्ये मुलांना उतरवणारी ताई नव्हती. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि मुलं स्वत: उतरायची. मी बाईंना गेटवर सांगितलं. "सांगते," म्हणाल्या. मग डायरीत लिहिलं. त्याखाली सही आली, उत्तर नाही. याच टप्प्यावर मी तो एक स्टार टाकला होता.

त्यानंतर नवऱ्याने साध्या कागदावर मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. बस नंबर, चार तारखा आणि एकच मागणी. ऑफिसात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. दुसऱ्या दिवशी फोन आला, तिसऱ्या दिवशी बसमध्ये बदली ताई होती. लेखी उत्तर यायला नऊ दिवस लागले. दिवाळीनंतर ताई पुन्हा एक दिवस आली नाही, पण त्या वेळी सकाळी साडेसहालाच मेसेज होता: "आज बसमध्ये अटेंडंट नाही, शक्य असेल तर स्वत: सोडा."

म्हणजे तक्रारीला दाद मिळत नाही हे माझं वाक्य खोटं होतं, आणि मिळते म्हणणंही अर्धवट ठरलं असतं. खरं असं, की या शाळेत तोंडी तक्रार गेटवरच विरते आणि शिक्का मारलेला कागद हलतो. नव्या पालकाला हवी ती हीच माहिती.

फीच्या तक्रारीचा रस्ता वेगळा. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी कायद्यात फी मंजूर करणाऱ्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. तुमच्या शाळेत चिठ्ठ्या निघाल्या की नावं आधीच ठरलेली होती, ते रिव्ह्यूत जरूर लिहा.

आणि शिक्षकांची नावं टाकू नका. "बसची व्यवस्था बघणारे" एवढं पुरतं. नाव टाकलंत तर भांडण बसवरून उठून बदनामीवर जातं. वर्ष आणि इयत्ता मात्र हवीच. मुख्याध्यापक बदलले की शाळा बदलते, आणि २०१९ चा राग २०२५ मध्ये वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

माझ्या दुसऱ्या रिव्ह्यूला तीन स्टार होते. काकूंच्या सुनेने तो वाचला, फॉर्म भरला, आणि बस न लावता मुलाला स्वत: सोडायचं ठरवलं.